रुतलेला डॉलर, सुटलेला डॉलर

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मध्ये कान्हे लागतं. तिथून टाकव्याच्या रस्त्याला लागलं की मोटारींच्या भागांसाठी पोलादी पत्रा दाबून त्याला आकार देणारा एक कारखाना आहे. पूर्वी तो महिंद्रा युजिन स्टील या कंपनीचा स्टॅम्पिंग विभाग होता. जून २०१३ मध्ये महिंद्राने स्पेनमधल्या बिल्बावच्या सीआयई ऑटोमोटिव्हशी करार जाहीर केला आणि महिंद्राचे सुटे भाग बनवणारे बरेचसे कारखाने एका कंपनीत गोळा झाले. कान्ह्याचा कारखानाही त्यात गेला. आज त्या कंपनीचं नाव सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया आहे. करारात महिंद्रानेही उलट स्पेनच्या कंपनीत हिस्सा घेतला, त्यामुळे निव्वळ डॉलर किती आले हा वेगळा हिशेब. मात्र त्या जूनमध्ये एक परदेशी कंपनी मावळातल्या प्रेस मशीनवर वर्षानुवर्षांचा डाव लावत होती, एवढं नक्की.

त्याच जूनमध्ये दुसरे परदेशी गुंतवणूकदार भारतातून घाईघाईने बाहेर पडत होते. त्या एका महिन्यात त्यांनी भारतीय शेअर आणि रोखे मिळून सुमारे ४४ हजार कोटी रुपयांची निव्वळ विक्री केली. त्या वेळच्या दराने हे साधारण साडेसात अब्ज डॉलर होतात. मे महिन्यात ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टच्या अखेरीस ६८ रुपयांच्या वर गेला.

हे दोन्ही पैसे परदेशीच, पण त्यांच्या जाती वेगळ्या. कारखान्यात घातलेला पैसा रुततो. मावळातलंच आणखी एक उदाहरण घ्या. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद केलं. कारखाना विकायला काढला तेव्हा चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला करार सरकारी मंजुरीअभावी बारगळला. ह्युंदाईने तो २०२३ मध्ये घ्यायचं ठरवलं आणि ताबा २०२४ च्या जानेवारीत मिळाला. म्हणजे निघून जायचं ठरल्यावरही पैसे मोकळे व्हायला वर्षं लागली. शेअर विकणाऱ्याला आज भारतात विक्रीच्या दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात. २०१३ मध्ये दोन दिवस लागत.

बाजार आणि रुपया हलवतो तो हा दोन दिवसांत सुटणारा डॉलर. तो नेमका कसा हलवतो, हे २०१३ च्या त्या चार महिन्यांतून जितकं स्पष्ट दिसतं, तितकं क्वचितच दिसलं असेल.

निर्णय वॉशिंग्टनमध्ये, विक्री मुंबईत

२००८ च्या संकटानंतर अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, बाजारातून रोखे विकत घेत होती. २०१३ च्या सुरुवातीला ही खरेदी महिन्याला ८५ अब्ज डॉलरची होती. रोख्यांना एवढा मोठा गिऱ्हाईक असला की त्यांची किंमत चढते आणि त्यावर मिळणारं व्याज उतरतं. दहा वर्षांच्या अमेरिकी सरकारी रोख्यावर तेव्हा जेमतेम दोन टक्के सुटत होते. भारताच्या तशाच रोख्यावर सात टक्क्यांच्या वर मिळत होते. अमेरिकेत कामगारांचं पेन्शन सांभाळणाऱ्या फंडाला किंवा विमा कंपनीला हा पाच टक्क्यांचा फरक खुणावणारच. रुपया स्थिर राहिला तर तो सगळा फायदा पदरात पडणार होता.

२२ मे २०१३ रोजी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की पुढच्या काही बैठकांत ही खरेदी कमी करायला सुरुवात होऊ शकते. खरेदी थांबली नव्हती, कमीही झाली नव्हती. पण हा मोठा गिऱ्हाईक मागे हटणार एवढ्या कल्पनेनेच अमेरिकी रोख्यांचं व्याज चढू लागलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन टक्क्यांपर्यंत गेलं. भारतात पैसे ठेवण्यातला जादा फायदा आटला, जोखीम तेवढीच राहिली. मग हिशेब फिरला.

या निर्णयात भारतीय कंपन्यांचा नफा किंवा तोटा कुठेच नव्हता. ‘उगवत्या बाजारां’चा एखादा फंड घेतला तर त्यात ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका आणि भारत असे देश एकत्र असतात. फंडात पैसे ठेवणारा अमेरिकेतला गुंतवणूकदार पैसे परत मागतो, तेव्हा व्यवस्थापकाला सगळीकडचं थोडं थोडं विकावं लागतं. त्यातही जिथे लवकर विकता येईल तिथलं आधी. मुंबईचा बाजार मोठा आणि उलाढालीचा, म्हणून इथली विक्री सोपी. बाजार चांगला चालतो हाच अशा वेळी तोटा ठरतो.

मोठ्या आणि छोट्या देशातला फरक इथे कळतो. अमेरिकेतल्या फंडांच्या एकूण थैलीत भारताचा वाटा अगदी लहान असतो. त्यांनी तो वाटा किंचित कमी केला, तर त्यांच्या वहीत ती ओळ सहज सापडणारही नाही. इकडे मात्र तोच पैसा बाजाराचा मोठा हिस्सा असतो.

पाच कोटींची विक्री, चारशे कोटींची घट

परदेशी गुंतवणूकदार बाहेर पडतो तेव्हा एकामागून एक दोन व्यवहार होतात. आधी शेअर विकून रुपये घ्यायचे, मग रुपये देऊन डॉलर घ्यायचे. पहिल्याने निर्देशांक हलतो, दुसऱ्याने रुपया. ही दोन कामं वेगवेगळ्या बाजारांत होतात आणि समोरचा गिऱ्हाईकही वेगळा असतो. हे ध्यानात ठेवलं की पुढचा गुंता बराच सुटतो.

पहिला व्यवहार जवळून पाहू. ब्रोकरच्या स्क्रीनवर एका शेअरचा शेवटचा भाव ५०० रुपये दिसतोय. त्याखाली खरेदीच्या ऑर्डरी लागलेल्या असतात. समजा ५०० रुपयांना ८ हजार शेअर घ्यायला लोक तयार आहेत, ४९९.५० ला १२ हजार, ४९९ ला १५ हजार, ४९८ ला २० हजार, ४९७ ला २० हजार आणि ४९६ ला २५ हजार. परदेशी फंडाला आत्ताच्या आत्ता १ लाख शेअर काढायचे आहेत. तो एकेक पायरी खात खाली उतरतो आणि शेवटचा सौदा ४९६ ला होतो. त्याच्या हातात पाच कोटींहून किंचित कमी रक्कम आली.

पण कंपनीचे एकूण शेअर १०० कोटी असतील, तर भाव चार रुपयांनी उतरल्याबरोबर सगळ्या शेअरधारकांची मिळून कागदावरची संपत्ती ४०० कोटींनी घटली. विक्री पाच कोटींची, घट चारशे कोटींची. भाव सगळ्या शेअरांचा ठरतो, पण तो ठरवतात त्या दिवशी विकायला आणि घ्यायला आलेले थोडे लोक. ‘बाजारातून अमुक लाख कोटी बुडाले’ असा मथळा वाचून तेवढे पैसे कोणीतरी घेऊन गेलं असं वाटतं, ते म्हणूनच खरं नसतं.

फंडाचा व्यवस्थापक शहाणा असेल तर तो एकदम विकत नाही. ऑर्डरचे तुकडे करून आठवडाभर विकत राहतो. नव्याने खरेदी करणारे पुढे आले तर भाव पुन्हा चढतोही. मात्र त्याच आठवड्यात वीस फंडांनी तोच निर्णय घेतलेला असतो आणि घेणाराही थोडा थांबतो, कारण अजून स्वस्त मिळेल असं त्याला दिसत असतं. अशा वेळी पायऱ्यांवरच्या ऑर्डरी विरळ होतात आणि तेवढ्याच विक्रीने भाव अधिक घसरतो.

रुपयांचं पुढे काय होतं

विक्रीचे रुपये फंडाच्या कस्टोडियन बँकेतल्या रुपया खात्यात जमा होतात. बँकेला सूचना असते की डॉलर करून पाठवा. बँक ते आंतरबँक बाजारातून घेते. तिथे डॉलर विकणारे म्हणजे निर्यातदार, सॉफ्टवेअर कंपन्या, परदेशातून घरी पैसे पाठवणारे लोक आणि बाहेरून नव्याने पैसे आणणारे गुंतवणूकदार. घेणारे म्हणजे तेल, सोनं, यंत्रं आयात करणारे आणि बाहेर पडणारे गुंतवणूकदार.

२०१३ मध्ये या बाजारात आधीपासूनच डॉलरची टंचाई होती. २०१२-१३ या आर्थिक वर्षात भारताची चालू खात्यावरची तूट, म्हणजे परदेशांना द्यायचे आणि त्यांच्याकडून यायचे यांतली उणीव, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती. रकमेत ती ८८ अब्ज डॉलरच्या आसपास जाते. नुसतं सोनंच ५० अब्ज डॉलरहून जास्त आलं होतं. ही उणीव दरवर्षी परदेशी गुंतवणुकीने भरून निघत होती. म्हणजे रुपया पडायला परदेशी पैसा निघून जायचीही गरज नव्हती, तो यायचा थांबला असता तरी पुरे होतं. इथे तर तो उलटा वाहू लागला.

त्यात माणसांचा स्वभाव भर घालतो. ज्या आयातदाराला तीन महिन्यांनी डॉलर द्यायचे आहेत, तो ते आजच घेऊन ठेवतो. ज्या निर्यातदाराचे डॉलर परदेशातल्या खात्यात आले आहेत, तो ते आणायला दोन आठवडे उशीर करतो, कारण पुढे जास्त रुपये मिळतील. दोघेही आपापल्या जागी बरोबरच वागतात. पण मागणी अलीकडे सरकते आणि पुरवठा पलीकडे. परदेशी फंडांच्या विक्रीच्या आकड्यावरून रुपया जितका पडायला हवा, त्याहून तो कितीतरी जास्त पडतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

आता दोन्ही व्यवहार जोडून परदेशी फंडाच्या नजरेने पाहू. २२ मे २०१३ ला सेन्सेक्स २० हजारांच्या थोडा वर होता, २८ ऑगस्टला १८ हजारांच्या आसपास बंद झाला. आपल्या हिशेबाने घट दहा टक्के. ज्या फंडाने मे महिन्यात १० लाख डॉलर ५५.५० च्या दराने आणले, त्याला ५ कोटी ५५ लाख रुपये मिळाले. दहा टक्के घटीनंतर उरले जवळजवळ ५ कोटी. ते ६८.८० च्या दराने बदलले तर हातात आले सव्वासात लाख डॉलर. त्याचा तोटा सत्तावीस टक्के.

म्हणूनच रुपया पडतोय असं दिसलं की शेअर विकले जातात आणि शेअर विकले की रुपया आणखी पडतो. शेवटी कोण कोणाला ओढतंय हे सांगता येत नाही. जे उशिरा बाहेर पडतील त्यांना जास्त तोटा, त्यामुळे आधी निघायची घाई प्रत्येकालाच.

उपाय करताना लागलेले चटके

या घसरणीत रिझर्व्ह बँकेने जे केलं ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे, कारण काही उपाय उलटलेही. १५ जुलैला बँकांना तातडीने कर्ज घेण्यासाठी द्यावा लागणारा दर एकदम दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ टक्के केला. हेतू असा की रुपये उसने घेऊन डॉलर साठवणं महाग पडावं. पण व्याजदर चढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. दहा वर्षांच्या भारतीय सरकारी रोख्यावरचं व्याज ऑगस्टमध्ये नऊ टक्क्यांच्या पुढे गेलं. ज्या परदेशी फंडांना थांबवायचं होतं, त्यांच्याच हातातल्या रोख्यांना तोटा झाला. जूनमध्ये बाहेर गेलेल्या पैशातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग रोख्यांतलाच होता, शेअरांतला नव्हे. जे आधीच घाबरले होते त्यांना विकायला आणखी एक कारण मिळालं.

मग १४ ऑगस्टला भारतीयांनी बाहेर पैसे पाठवण्यावर मर्यादा आल्या. व्यक्तीला वर्षाला २ लाख डॉलर पाठवता येत होते, ते ७५ हजारांवर आणले. कंपन्यांच्या परदेशी गुंतवणुकीची मर्यादाही कमी केली. परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशाला हात लावलेला नव्हता. पण १५ ऑगस्टची सुट्टी संपून बाजार १६ तारखेला उघडला, तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच शंका होती, की उद्या आपली वाट अडवली तर? त्या दिवशी सेन्सेक्स ७६९ अंकांनी कोसळला आणि डॉलर ६२ रुपयांपर्यंत चढला. दार बंद होईल अशी नुसती शंका आली तरी लोक दाराकडे धावतात.

खरा फरक पाडला तो दोन उपायांनी. २८ ऑगस्टला, डॉलर ६८.८५ पर्यंत गेला त्याच दिवशी, रिझर्व्ह बँकेने तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना बाजारात न जाता थेट आपल्याकडून डॉलर द्यायचं जाहीर केलं. रोजच्या बाजारातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक त्यामुळे बाजूला झाला. दुसरा उपाय ४ सप्टेंबरचा, रघुराम राजन यांनी गव्हर्नरपदाची सूत्रं घेतली त्या दिवशीचा. अनिवासी भारतीयांकडून बँकांनी निदान तीन वर्षांच्या मुदतीच्या डॉलर ठेवी आणाव्यात, त्यांच्या रुपया-डॉलर बदलाची जोखीम रिझर्व्ह बँक वर्षाला ३.५ टक्के ठरलेल्या खर्चात घेईल, असा तो उपाय होता. बाजारात ही जोखीम झाकायचा खर्च त्याहून बराच जास्त होता. नोव्हेंबरअखेरपर्यंत या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जं मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. न्यू जर्सी किंवा दुबईतल्या मराठी घरांतही तेव्हा बँकेच्या माणसांचे फोन गेले असतील. या ठेवींतला बराचसा पैसा परदेशी बँकांनी ठेवीदारांना कर्जाऊ दिलेला होता, पण देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की तो तीन वर्षं हलणार नव्हता. दोन दिवसांत सुटणारा पैसा गेला होता, त्याजागी मुदतीचा पैसा आला.

नशिबानेही हात दिला. १८ सप्टेंबरला फेडने खरेदी तूर्त कमी करत नसल्याचं जाहीर केलं. इकडे सोन्यावरचं आयात शुल्क ऑगस्टमध्ये दहा टक्क्यांवर नेलेलं होतं, सोन्याची आयात घटली, आणि २०१३-१४ ची चालू खात्यावरची तूट १.७ टक्क्यांवर आली. महिनाभरात डॉलर ६२ च्या आसपास उतरला. ५५ मात्र परत कधी दिसला नाही.

याची झळ ज्यांच्याकडे एकही शेअर नव्हता त्यांनाही लागली. मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार कॅश क्रेडिटवर चालतो. माल आज द्यायचा, पैसे दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळाचं व्याज बँकेला. रुपया वाचवण्यासाठी वाढवलेला दर अशा कारखान्यांच्या व्याजात उतरतो, डॉलरने महागलेलं तेल ट्रकच्या भाड्यात.

‘एवढी एसआयपी भरतो, तरी रुपया का पडतो?’

हा प्रश्न आता शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावांतही ऐकू येतो आणि तो चुकीचा नाही. कारण २०१३ नंतर पहिल्या व्यवहाराच्या पलीकडचा गिऱ्हाईक बदलला. २०१६ मध्ये म्युच्युअल फंडांत एसआयपीने महिन्याला तीन-साडेतीन हजार कोटी रुपये येत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा आकडा २५ हजार कोटींच्या वर गेला.

त्याच ऑक्टोबरमध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी शेअरांची सुमारे ९४ हजार कोटींची निव्वळ विक्री केली. २०१३ च्या जूनमधल्या एकूण विक्रीच्या दुप्पट. पण देशी संस्थांनी त्या महिन्यात एक लाख कोटींहून अधिकची खरेदी केली, म्हणून निफ्टीची घसरण सहा टक्क्यांच्या आसपास थांबली. स्क्रीनवरच्या त्या पायऱ्यांवर आता ऑर्डरी दाट होत्या.

पण एसआयपीचे पैसे रुपयांत असतात. म्युच्युअल फंड परदेशी फंडाकडून शेअर घेतो आणि त्याला रुपये देतो. ते रुपये घेऊन परदेशी फंड डॉलर मागायला जातो. तिथे म्युच्युअल फंड काहीच करू शकत नाही. उलट देशी खरेदीमुळे परदेशी फंडाला चांगल्या भावात विकता आलं, म्हणजे डॉलरची मागणी थोडी मोठीच झाली. दुसऱ्या व्यवहारात शेवटी डॉलर विकणारी म्हणून रिझर्व्ह बँकच उभी राहते.

२७ सप्टेंबर २०२४ ला परकीय गंगाजळी ७०५ अब्ज डॉलरच्या जवळ होती, जानेवारी २०२५ मध्ये ती ६२५ अब्जांच्याही खाली आली. ही ८० अब्जांची सगळी घट विक्रीची नाही. गंगाजळीत युरो, येन वगैरेही असतात आणि डॉलर वधारला की त्यांची डॉलरमधली किंमत घटते. तरी विक्री मोठी होती. ऑक्टोबरमध्ये रुपया ८४ च्या आसपास धरून ठेवला होता, फेब्रुवारीत डॉलर ८८ च्या जवळ पोहोचला. शिवाय रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हा बदल्यात रुपये घेते, ते बँकांच्या तिजोरीतून जातात. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये बँकांत रोकड टंचाई झाली आणि रोखे विकत घेऊन रिझर्व्ह बँकेला रुपये परत सोडावे लागले. रुपया सावरायची किंमत अशी मागच्या वाटेने व्याजदरांकडे येतेच.

रुतलेल्या डॉलरवरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. तळेगावचा कारखाना घेणाऱ्या ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचे शेअर त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आले. २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री पूर्णपणे कोरियातल्या मूळ कंपनीच्या हिश्श्याची होती, नवा शेअर एकही नव्हता. यंत्रं जागच्या जागी राहिली, मालकीचा तुकडा विकला गेला आणि पैसे कोरियाला गेले. कारखाना विकायला वर्षं लागतात, पण कारखान्याच्या मालकीचे शेअर तेजीच्या बाजारात काही आठवड्यांत विकता येतात. देशी गुंतवणूकदारांची वाढलेली खरेदी ही वाट रुंद करते. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये थेट परदेशी गुंतवणूक म्हणून ८१ अब्ज डॉलर आले, पण विक्री करून परत गेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर केलेली गुंतवणूक वजा केल्यावर निव्वळ एक अब्ज डॉलरही उरले नाहीत.

त्यामुळे रोज संध्याकाळी ‘एफआयआयने किती विकलं’ हा आकडा पाहणाऱ्याने त्यावरून एवढाच अंदाज करावा, की उद्या शेअरांना गिऱ्हाईक लागेल किती. रुपयासाठी प्रश्न वेगळे आहेत. विक्री शेअरांची की रोख्यांचीही? रुपयाबरोबर इंडोनेशियाचा रुपिया, दक्षिण आफ्रिकेचा रँडही पडतोय का? पडत असेल तर कारण अमेरिकेत आहे, एकटा रुपयाच पडत असेल तर आपल्या घरात. आणि चालू खात्यावरची तूट किती आहे, म्हणजे परदेशी पैसा न येताही आपल्याला किती दिवस काढता येतील? २०१३ मध्ये या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाईट होतं, म्हणून एका भाषणाने रुपया चार महिन्यांत तेरा रुपयांनी पडला. २०२४ मध्ये ते बरं होतं, म्हणून दुपटीच्या विक्रीतही रुपया हळूहळू उतरला. परदेशी गुंतवणूकदार दोन्ही वेळा सारखेच वागले होते.